वटवलेल्या विपत्राचे देणे कधी संपते?

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग हा धानाचा पट्टा. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक धानाचेच. 'एचएमटी' हे वाण दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवले ते नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी. वैनगंगेच्या अलीकडील ब्रह्मपुरीत आणि पलीकडील वडसा-देसाईगंज परिसरात त्यामुळेच तांदळाच्या गिरण्यांचा धंदा रुजला. या धंद्याचे आर्थिक गणित मात्र विचित्र आहे. धान येते ते ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढचे दोन-तीन महिने, आणि त्याचा चुकारा शेतकऱ्याला लगोलग करावा लागतो. उलट तयार तांदूळ विकला जातो तो बहुतांशी उधारीवर. म्हणजे पैसा बाहेर जातो तो ऐन हंगामात आणि परत येतो तो हंगाम ओसरल्यावर. मधला हा खड्डा भरण्याचा एक जुना मार्ग म्हणजे खरेदीदाराकडून मुदतीचे विपत्र स्वीकृत करून घेणे आणि मुदत भरण्याची वाट न पाहता ते बँकेत वटवणे.

विपत्र वटवले की रक्कम खात्यात जमा होते आणि गिरणीमालकाच्या दृष्टीने उधारी वसूल झालेली असते. कायद्याच्या दृष्टीने ती झालेली नसते. बँकेने दिलेली रक्कम ही खरेदीदार मुदतीला पैसे देईल या अपेक्षेवर दिलेली असते आणि त्याने ते दिले नाहीत, तर बँक ज्याने विपत्र वटवले त्याच्याकडेच वळते. वसुली आणि वटवणे यांतील हा फरक हिशेबाच्या वह्यांत नीट उमटला नाही तर काय घडते, हे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे ठरेल. उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील तारखा आणि कायद्याचे नियम खरे आहेत.

ब्रह्मपुरीच्या एका गिरणीने नागपूरच्या इतवारीतील एका ठोक व्यापाऱ्याला १०० क्विंटल तांदूळ ६,००० रुपये क्विंटल या दराने विकला, असे समजू. एकूण रक्कम ६ लाख रुपये. गिरणीने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी 'तारखेनंतर ९० दिवसांनी' देय असलेले विपत्र काढले आणि व्यापाऱ्याने त्यावर स्वीकृतीची सही करून ते परत पाठवले. विपत्र काढणारी गिरणी ही आदेशक, आणि ज्याच्यावर ते काढले तो व्यापारी हा आदेशिती. सही केल्यावर तो स्वीकारक होतो. हेच व्यापाऱ्याने स्वतःहून 'अमुक तारखेला इतकी रक्कम देईन' असे लिहून दिले असते, तर ती वचनचिठ्ठी झाली असती. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात वचनचिठ्ठीची व्याख्या चौथ्या आणि विपत्राची पाचव्या कलमात आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांत वचनचिठ्ठीच्या नावाखाली जे लेखांकन शिकवले जाते, ते आपल्याकडे विपत्राला तसेच्या तसे लागू पडते. येणे असलेल्या बाजूच्या नोंदी दोन्हींत सारख्याच.

देय तारीख काढण्याचे काम दिसते तितके साधे नाही. मुदत मोजताना विपत्राची तारीख वगळायची असते. त्याप्रमाणे नोव्हेंबरचे १२, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे १६ असे ९० दिवस १६ फेब्रुवारी २०२५ रोजी भरतात. त्यात कायद्याने दिलेले सवलतीचे तीन दिवस मिळवले की १९ फेब्रुवारी येते. परंतु महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सार्वजनिक सुट्टी असते. अशा वेळी, कायद्याच्या २५ व्या कलमानुसार, विपत्र आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय ठरते, नंतरच्या नव्हे. सुट्टी आली की काम दुसऱ्या दिवशी, ही रोजच्या व्यवहारातील सवय येथे नेमकी उलटी पडते. आपल्या विपत्राची देय तारीख म्हणून १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार ही ठरते.

या एका दिवसाला महत्त्व आहे ते केवळ व्याजापुरते नाही. विपत्र देय तारखेलाच स्वीकारकापुढे सादर व्हावे लागते. ते वेळेवर सादर झाले नाही, तर स्वीकारकाची जबाबदारी कायम राहते, पण आदेशक आणि पृष्ठांकन करणारे मोकळे होऊ शकतात. त्यामुळे तारीख चुकवणे बँकेला परवडत नाही आणि ती बरोबर मोजली गेली की नाही हे पाहण्यात गिरणीचाही स्वार्थ असतो.

वटाव आणि हाती येणारी रक्कम

गिरणीने ७ डिसेंबर २०२४ रोजी हे विपत्र आपल्या बँकेत नेले. बँक अशा वेळी केवळ विपत्र पाहत नाही. विक्रीचे बीजक, मालाची बिल्टी आणि ई-वे बिल सोबत मागितले जाते, कारण विपत्रामागे खरोखरच माल गेला आहे याची खात्री तिला हवी असते. स्वीकारकाची पत, त्याचा आजवरचा व्यवहार आणि गिरणीला मंजूर असलेली विपत्र-वटाव मर्यादा पाहून मग दर ठरतो. येथे तो वार्षिक १२ टक्के धरू.

७ डिसेंबर ते १८ फेब्रुवारी हे अंतर ७३ दिवसांचे, म्हणजे ३६५ दिवसांच्या वर्षाचा बरोबर पाचवा हिस्सा. सहा लाखांवर वर्षाचा १२ टक्क्यांनी वटाव ७२ हजार रुपये. त्याचा पाचवा हिस्सा १४,४०० रुपये. ही रक्कम बँक आधीच कापून घेते आणि उरलेले ५,८५,६०० रुपये खात्यात जमा करते. देय तारीख चुकून १९ फेब्रुवारी धरली, तर एका दिवसाचा सुमारे १९७ रुपयांचा वटाव जादा कापला जाईल. बँकेचे हाताळणी शुल्क आणि त्यावरील वस्तू व सेवा कर वेगळा. वटावाच्या रकमेवर मात्र हा कर लागत नाही, कारण कर्जावरील व्याज आणि वटाव या करातून मुक्त आहेत.

येथे एक बारकावा आहे. वटाव मोजला जातो तो विपत्राच्या दर्शनी रकमेवर, पण गिरणीला वापरायला मिळते ती वटाव वजा जाता उरलेली रक्कम. ५,८५,६०० रुपये ७३ दिवस वापरण्यासाठी १४,४०० रुपये मोजले, तर खरा वार्षिक दर १२.३० टक्क्यांच्या आसपास पडतो. मुदत जितकी लांब आणि दर जितका जास्त, तितका हा फरक वाढतो. रोख पत खात्याच्या दराशी वटावाच्या दराची तुलना करताना हे अंतर लक्षात घेतले जात नाही. शिवाय रोख पत खात्यात व्याज लागते ते प्रत्यक्ष वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरते. वटावाचे पैसे मात्र एकदा कापले की कापले. विपत्र वटवणे फायद्याचे ठरते ते रोख पतीची मर्यादा धानखरेदीत आधीच संपलेली असताना, किंवा स्वीकारकाची पत गिरणीपेक्षा चांगली असल्याने बँक कमी दर लावते तेव्हा.

दस्तऐवजावरच व्याज लिहिलेले असेल तर हिशेब आणखी एक पायरी घेतो. समजा, १ लाख रुपयांची वचनचिठ्ठी १० टक्के व्याजाची आहे आणि सवलतीचे दिवस धरून तिची मुदत १४६ दिवसांची आहे. मुदतअखेर मिळणारी रक्कम १,०४,००० रुपये. निम्मी मुदत, म्हणजे ७३ दिवस, उलटल्यावर ती १२ टक्क्यांनी वटवली, तर बँक वटाव मोजते तो लाखावर नव्हे, तर १,०४,००० वर. तो २,४९६ रुपये होतो आणि हाती १,०१,५०४ रुपये येतात. लाखाच्या चिठ्ठीचे दीड हजार अधिक आले म्हणून यात नफा झाला असे वरवर वाटते. वास्तविक त्या दिवसापर्यंत २,००० रुपये व्याज कमावून झालेले असते, म्हणजे चिठ्ठीचे वह्यांतील मोल १,०२,००० रुपये असते. वटवल्यामुळे ४९६ रुपयांचा तोटाच झालेला असतो आणि नोंदही तशीच करावी लागते : व्याजाचे २,००० रुपये उत्पन्नात, ४९६ रुपये खर्चात.

खतावणीतील शून्य

ब्रह्मपुरीच्या गिरणीचा मुनीम स्वीकृत विपत्र हाती आले तेव्हा पुढील नोंद करतो.

प्राप्य विपत्र खाते नावे ६,००,०००
नागपूरच्या व्यापाऱ्याचे खाते जमा ६,००,०००

या नोंदीने व्यापाऱ्याच्या खात्यावरील येणे शून्यावर येते आणि त्याची जागा विपत्र घेते. नंतर विपत्र वटवले, की रूढ पद्धतीने ही नोंद होते.

बँक खाते नावे ५,८५,६००
वटाव खाते नावे १४,४००
प्राप्य विपत्र खाते जमा ६,००,०००

आता वह्यांत विपत्रही उरले नाही. ७ डिसेंबरच्या सायंकाळी गिरणीची खतावणी उघडून पाहणाऱ्याला इतवारीच्या व्यापाऱ्याकडून काहीच येणे नाही, असे दिसेल. जोखीम मात्र पूर्ण सहा लाखांची आहे आणि ती १८ फेब्रुवारीपर्यंत तशीच राहणार आहे. डिसेंबरच्या अखेरीस तोच व्यापारी आणखी १०० क्विंटलची मागणी घेऊन आला आणि मालकाने खाते पाहून 'जुनी बाकी नाही' म्हणत माल पाठवला, तर एका माणसावरील उधारी १२ लाखांवर जाते. वह्या ती ६ लाखच दाखवतात. छोट्या गिरण्यांत उधारीची मर्यादा मालक डोळ्यांसमोरच्या खात्यावरून ठरवतो. म्हणूनच ही त्रुटी केवळ लेखाशास्त्राची राहत नाही.

यावर उपाय म्हणून वेगळे खाते ठेवण्याची पद्धत आहे. वटवताना प्राप्य विपत्र खात्याला हात न लावता 'वटवलेली विपत्रे' या खात्यात ६ लाख जमा करायचे. बँक आणि वटाव यांच्या नोंदी तशाच. परिणामी प्राप्य विपत्र खात्याची नावे बाकी आणि वटवलेल्या विपत्रांची जमा बाकी अशा दोन्ही बाकी समोरासमोर उभ्या राहतात. बेरीज-वजाबाकीने उत्तर शून्यच येते, पण ते कशातून आले हे कागदावर राहते. मुदतीला व्यापाऱ्याने पैसे भरले की उलट नोंद करून दोन्ही मिटवायच्या.

वटवलेली विपत्रे खाते नावे ६,००,०००
प्राप्य विपत्र खाते जमा ६,००,०००

पहिल्या, रूढ पद्धतीत मात्र विपत्र सकारले गेल्यावर गिरणीच्या वह्यांत कोणतीच नोंद होत नाही. पैसे व्यापाऱ्याने बँकेला दिलेले असतात, गिरणीचा त्यात हात नसतो. परीक्षेत हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास चकवतो. व्यवहारात ही नोंदच नसल्याने विपत्र सकारले गेले की नाही, याची चौकशी करायला कुणाला आठवण राहत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून पद्धत कोणतीही असली, तरी विपत्रांची स्वतंत्र नोंदवही असावी लागते : क्रमांक, स्वीकारक, रक्कम, वटवल्याची तारीख, देय तारीख आणि शेवटी निकाल. शेवटचा रकाना रिकामा असलेली प्रत्येक ओळ म्हणजे गिरणीवर टांगलेले एक देणे.

३१ मार्चला हे देणे ताळेबंदात 'संभाव्य देणे' म्हणून टिपेत दाखवले जाते; ते आकड्यांच्या बेरजेत धरत नाहीत. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या भारतीय लेखामानकांची (इंड-एएस) भूमिका अधिक कडक आहे. वटवल्यानंतरही जोखीम विकणाऱ्याकडेच राहत असेल तर येणे वह्यांतून काढताच येत नाही, आणि बँकेकडून आलेली रक्कम सरळ कर्ज म्हणून दाखवावी लागते. जोखीम ज्याची, येणेही त्याचेच, हा विचार छोट्या गिरणीला बंधनकारक नसला तरी वस्तुस्थितीशी अधिक प्रामाणिक आहे.

आर्थिक वर्षाच्या सीमेवरील विपत्रात वटावाचीही वाटणी करावी लागते. आपलेच विपत्र ७ मार्चला ७३ दिवसांसाठी वटवले असते, तर त्यातील २४ दिवस ३१ मार्चपर्यंत संपले असते. १४,४०० पैकी ४,७३४ रुपये चालू वर्षाचा खर्च आणि उरलेले ९,६६६ रुपये 'आगाऊ दिलेला वटाव' म्हणून पुढील वर्षाकडे जातात.

अनादर झाला तर

१८ फेब्रुवारीला बँकेने नागपूरच्या आपल्या शाखेमार्फत विपत्र सादर केले आणि व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, असे धरू. बँक बहुधा नोटरीकडून विपत्रावर अनादराची नोंद करून घेते; त्यात अनादराची तारीख, कारण आणि नोटरीचे शुल्क लिहिलेले असते. देशांतर्गत विपत्रासाठी हे 'नोटिंग' सक्तीचे नाही, पण पुढे दावा करायचा झाल्यास तो भक्कम पुरावा ठरतो. शुल्क ५०० रुपये धरले, तर बँक गिरणीच्या खात्यातून ६,००,५०० रुपये वळते करून घेते. नोंद अशी होते.

नागपूरच्या व्यापाऱ्याचे खाते नावे ६,००,५००
बँक खाते जमा ६,००,५००

'वटवलेली विपत्रे' खाते ठेवले असेल, तर त्या खात्याची आणि प्राप्य विपत्र खात्याची बाकी याच वेळी उलट नोंदीने मिटवायची. विपत्र संपले, आता ते येणे पुन्हा व्यापाऱ्याच्या नावावर आले.

या नोंदीत दोन चुका वारंवार आढळतात. पहिली म्हणजे बँकेने दिले होते ५,८५,६०० रुपये म्हणून परत घेतलेही तेवढेच, असे समजणे. बँक विपत्राची पूर्ण रक्कम परत घेते. ७३ दिवस तिचा पैसा वापरला गेला, त्याचे मोल तिने आधीच घेतले आहे आणि ते परत मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे वटावाचे १४,४०० रुपये व्यापाऱ्याच्या नावे टाकणे. विपत्र वटवण्याचा निर्णय गिरणीचा होता, त्यामुळे तो खर्चही गिरणीचाच. तसा स्पष्ट करार असेल तरच तो स्वीकारकावर टाकता येतो. नोटिंगचे शुल्क मात्र अनादरामुळेच उद्भवले असल्याने ते त्याच्याच नावे जाते.

गिरणीला बसणारा खरा धक्का रोकडीचा असतो. डिसेंबरात आलेले ५,८५,६०० रुपये धानाच्या चुकाऱ्यात कधीच गेलेले असतात. फेब्रुवारीत खात्यातून एकदम सहा लाख वजा झाले की रोख पत खाते मर्यादेबाहेर जाते, त्यावर जादा आकारणी सुरू होते आणि त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला दिलेला धनादेश न वटता परत येण्याची वेळ येऊ शकते. अनादर एका विपत्राचा आणि पतीला तडे दोन ठिकाणी, असा हा प्रकार. देय तारखेच्या आठवडाभर आधी स्वीकारकाला आठवण करणे आणि देय दिवशीच सायंकाळी बँक खात्याचा उतारा पाहणे, एवढ्या दोन गोष्टींनी निदान धक्का अनपेक्षित राहत नाही. मुनीम महिनाअखेरच्या जुळवणीपर्यंत थांबला, तर तोवर त्याच व्यापाऱ्याला आणखी माल गेलेला असण्याची शक्यता असते.

कायद्याने गिरणीला एक संरक्षण दिले आहे. अनादर झाल्यावर ज्याला जबाबदार धरायचे त्याला विपत्रधारकाने वाजवी वेळेत सूचना द्यावी लागते. दोघे वेगवेगळ्या गावी असतील तर सूचना पुढच्या टपालाने किंवा अनादराच्या दुसऱ्या दिवशी रवाना व्हावी. एकाच गावी असतील तर ती दुसऱ्या दिवसाच्या आत पोहोचेल अशी पाठवावी. सूचना न मिळाल्यास आदेशक जबाबदारीतून सुटू शकतो. स्वतः स्वीकारकाला मात्र अशी सूचना देण्याची गरज नसते. आपण पैसे दिले नाहीत हे त्याला ठाऊकच असते. हे संरक्षण कागदावर जितके भक्कम दिसते तितके व्यवहारात असतेच असे नाही. सूचनेचा हक्क सोडून देण्याची मुभा कायद्यातच आहे, त्यामुळे वटाव मर्यादेच्या करारपत्रावर सही करताना त्यात तसे कलम आहे का, हे वाचून पाहावे लागते.

बँकेची भरपाई केल्यावर विपत्र गिरणीकडे परत येते आणि व्यापाऱ्याविरुद्धचा हक्कही. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. धनादेश न वटल्यास फौजदारी कारवाईची तरतूद असलेले १३८ वे कलम विपत्राला लागू नाही. विपत्राचा मार्ग दिवाणी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशानुसार संक्षिप्त दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला न्यायालयाच्या परवानगीशिवाय बचाव मांडता येत नाही, म्हणून तो साध्या दाव्यापेक्षा वेगवान असतो. मुदत देय तारखेपासून तीन वर्षांची. विपत्रात व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर कायद्याच्या ८० व्या कलमानुसार १८ टक्के व्याज मागता येते. मुद्रांक मात्र सुरुवातीलाच योग्य लावलेले असावे. मुद्रांकात खोट असलेले मुदतीचे विपत्र किंवा वचनचिठ्ठी नंतर दंड भरूनही पुराव्यात दाखल होत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे न्यायालयापर्यंत न जाता तडजोडीने मिटतात. व्यापारी २,००,५०० रुपये रोख देतो आणि उरलेल्या ४ लाखांसाठी आणखी ७३ दिवस मागतो, असे समजू. १५ टक्के दराने त्याचे व्याज १२ हजार होते आणि तो ४,१२,००० रुपयांचे नवे विपत्र स्वीकारतो. गिरणी आधी १२ हजारांचे व्याज त्याच्या नावे टाकते, मग रोख रक्कम आणि नवे विपत्र जमा करून खाते मिटवते. हे नवे विपत्रही बँकेत वटवता येईल का? कायद्याने आडकाठी नाही, परंतु त्यामागे नवा माल नाही, जुनी थकबाकी आहे, हे बँकेला सांगणे भाग आहे.

मालाविना काढलेल्या विपत्रांचा इतिहास बँकांना चांगलाच आठवतो. विपत्रांचा बाजार वाढावा म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५२ मध्ये एक योजना आणली. पुढे १९७० च्या नोव्हेंबरात दुसरी योजना सुरू झाली, आणि तिच्यात बँकांनी वटवलेली खऱ्या व्यापाराची विपत्रे रिझर्व्ह बँकेकडे पुन्हा वटवण्याची सोय होती. हा बाजार अपेक्षेइतका कधीच फोफावला नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर तर, केवळ एकमेकांची सोय म्हणून काढलेली, बाजारात 'अकोमोडेशन बिल' म्हणून ओळखली जाणारी विपत्रे वटवू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले. अशी विपत्रे ओळखण्याच्या खुणा फारशा बदललेल्या नाहीत. रकमा गोल असतात, बिल्टी नसते किंवा जुनी असते, दोन पेढ्या एकमेकींवर आलटून पालटून विपत्रे काढतात आणि जुने विपत्र देय होते त्याच सुमारास तेवढ्याच रकमेचे नवे वटवले जाते.

गिरणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर ९० दिवसांच्या उधारीलाच आणखी एक कायदा आडवा येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. इतवारीच्या बाजारात ९० दिवसांचा रिवाज असला, तरी तो या कायद्यापुढे टिकत नाही. ग्राहक तुटेल या धास्तीने गिरणीमालक या हक्काचा उच्चार सहसा करत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

वटवलेल्या रकमेची टांगती तलवार नको असेल, तर मार्ग आहे तो 'ट्रेड्स' या इलेक्ट्रॉनिक व्यासपीठांचा. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरात त्यांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०१७ पासून तेथे प्रत्यक्ष व्यवहार होऊ लागले. लघुउद्योजकाचे बीजक खरेदीदाराने या व्यासपीठावर मान्य केले की बँका आणि वित्तसंस्था त्यावर बोली लावतात आणि उद्योजक पसंत पडलेल्या दराने ते वटवतो. येथील मुख्य फरक असा की मुदतीला खरेदीदाराने पैसे बुडवले, तर वित्तसंस्था लघुउद्योजकाकडे परत येऊ शकत नाही. त्यामुळे वह्यांतही 'वटवलेली विपत्रे' खात्याची गरज पडत नाही. बँक आणि वटाव नावे, खरेदीदार जमा, एवढ्या एका नोंदीत व्यवहार पुरा होतो आणि ताळेबंदाच्या टिपेत काही उरत नाही. मर्यादा खरेदीदाराच्या बाजूने आहे. २५० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना येथे नोंदणी करण्याचे बंधन केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात घातले. त्याआधी ही मर्यादा ५०० कोटींची होती. ब्रह्मपुरीची गिरणी एखाद्या मोठ्या किरकोळ विक्री साखळीला तांदूळ पुरवत असेल, तर हा मार्ग तिला खुला आहे. इतवारीचा ठोक व्यापारी मात्र या बंधनाच्या कक्षेत क्वचितच येतो, आणि तोपर्यंत त्याच्या विपत्राचे देणे गिरणीच्या डोक्यावरून उतरते ते बँकेकडून 'रक्कम वसूल' असा निरोप आल्यावरच.